या चुका टाळा: पाय कापल्यानंतर पट्टी बांधताना आणि नकली पायाची तयारी करताना

काकूंनी पट्टी सोडली आणि मी आधी जखमेकडे नाही, गुडघ्याखालच्या वळाकडे पाहिलं. कातडीत बोटभर खोल लाल खाच पडली होती. त्या खाचेच्या खाली पाय फुगलेला, चकाकणारा, भोपळ्याच्या बुडासारखा. "घट्ट बांधलंय की ओ मॅडम, रोज बांधतो," काकू म्हणाल्या. खरंच घट्ट होतं, फक्त चुकीच्या जागी.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक पाय मधुमेहातून, गुडघ्याखाली कापलेले असतात, म्हणून इथे तेवढ्याचबद्दल लिहिते. हे मामा म्हणजे काकूंचे यजमान, यंत्रमागावर काम करणारे, वय बावन्न. ऑगस्टच्या शेवटी ऑपरेशन झालं, टाके निघाले, घरी जाताना हातात दोन क्रेप बँडेज दिले आणि "रोज बांधा" एवढंच सांगितलं गेलं. कसं बांधायचं ते कुणी दाखवलं नाही. काकू विड्या वळतात. दिवसभर विडीला दोरा गुंडाळायची बोटांना सवय, त्यामुळे पट्टीही त्यांनी तशीच गुंडाळली होती. गोल गोल, आडवे वेढे, आणि शेवटचे दोन वेढे गुडघ्याखाली जोर लावून, सुटू नये म्हणून.

गोल वेढा ही सगळ्यात महागात पडणारी चूक

पट्टी जखम झाकायला नसते. सूज वर ढकलायची आणि उरलेल्या पायाला (दवाखान्यात याला स्टंप म्हणतात) खाली थोडा निमुळता असा आकार द्यायचा, हे तिचं काम. म्हणून जोर टोकाला सगळ्यात जास्त हवा आणि वर येताना कमी कमी होत जायला हवा. उलट झालं की वरचा वेढा दोरीसारखा आवळतो, खालचं पाणी आणि रक्त वर यायला वाट राहत नाही आणि टोक फुगतं. असा फुगलेला स्टंप नकली पायाच्या वाटीत, म्हणजे सॉकेटमध्ये, उतरतच नाही. उतरवलाच तर टोक हवेत लोंबतं आणि वरची कड कातडी कापते.

बांधायची पद्धत अशी. चार इंची क्रेप बँडेज घ्या. पलंगावर बसा, गुडघा सरळ ठेवा, टाचेऐवजी आता स्टंपच्या खाली कुणाचा तरी हात किंवा फळी असू द्या. पट्टीचं टोक गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला धरा, तिथून खाली आणा, स्टंपच्या टोकावरून मागे न्या आणि परत पुढे आणा. टोक झाकलं जाईल इतके एकदोन फेर असे घ्या. मग तिरपे वेढे सुरू करा, एक वर चढणारा, एक खाली उतरणारा, समोरून पाहिलं तर इंग्रजी आठ दिसायला हवा. प्रत्येक वेढ्यानं आधीच्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाकावा. टोकाजवळ पट्टी चांगली ताणा, वर जाताना हात सैल करत न्या. शेवटचा वेढा गुडघ्याच्या वर मांडीवरून घ्या, वाटी उघडी राहू द्या, आणि तिथून खाली येऊन चिकटपट्टीनं चिकटवा. सेफ्टी पिन लावू नका. मधुमेहात पिन टोचलेली कळत नाही आणि मग आठवडाभर ती जखम भरत बसते.

एक फेर चुकून गोल गेला तर पुढच्या वेढ्यात सुधारू, असं करू नका. सोडा, परत सुरुवात करा. काकूंना मी म्हटलं, दोरा बांधायचा नाही, पान वळायचं. हे त्यांना लगेच कळलं. पाचव्या वेळेला त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार चालत होता.

जमलं की नाही ते दोन गोष्टींवरून ओळखा. बांधल्यावर वीसेक मिनिटांत ठणका लागला, मुंग्या आल्या, गुडघ्याखालचा भाग निळसर किंवा गार पडला तर ताबडतोब सोडा. आणि पट्टी काढल्यावर कातडीवर विणीची पुसट खूण सगळीकडे सारखी हवी. एखादीच खोल खाच म्हणजे तिथे आवळलंय. ज्यांना स्पर्श कमी कळतो त्यांनी ठणका-मुंग्यांवर विसंबू नये, डोळ्यांनी बघावं. मधुमेहात रक्तपुरवठा आधीच कमी असतो, म्हणून पट्टी कधीपासून आणि किती ताणून, हे ज्या सर्जननं पाय कापला त्यांनाच विचारा.

पट्टी दर चारसहा तासांनी सोडून पुन्हा बांधायची असते, कारण ती सैल होतेच. रात्रीही ठेवायची. फक्त आंघोळीच्या वेळी काढायची. ऑक्टोबरमध्ये सोलापुरात ऊन परत तापतं, घामानं खाज सुटते, आणि मामांनी तेव्हा दुपारभर पट्टी काढून टाकायला सुरुवात केली होती. दोन तासांत सूज परत! म्हणून दोन जोड ठेवा: घामानं ओली झाली की दुसरी कोरडी बांधा. धुताना साध्या साबणानं धुवा, पिळू नका, दोरीवर टांगू नका, सावलीत सपाट पसरा. पिळलेली, उन्हात वाळवलेली क्रेप बँडेज महिनाभरात साध्या फडक्यासारखी ढिली पडते आणि मग ती कितीही ताणली तरी दाब देत नाही.

उशी

सूज उतरावी म्हणून घरचे प्रेमानं गुडघ्याखाली उशी देतात. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. आखडलेला गुडघा सरळ करायला कित्येक आठवडे जातात, काहींचा होतच नाही, आणि पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर नकली पाय बसवणं अवघड होतं. खाटेवरून किंवा खुर्चीवरून स्टंप खाली लोंबत ठेवला तरी तेच होतं, शिवाय सूज वाढते. बसताना समोर दुसरी खुर्ची किंवा फळी ठेवून गुडघा सरळ ठेवा. पोटावर झोपणं जमत असेल तर दिवसातून दोनतीनदा वीस मिनिटं झोपा. यानं जांघेचा सांधा आखडत नाही.

मामांचा गुडघा थोडासा आखडला होता. सुदैवानं तो तीन आठवड्यांत सुटला.

हात लावू न देणं

"हात लावला की करंट बसतो," म्हणून मामा स्टंप चादरीखाली दडवून ठेवत. असं करणारे बरेच असतात आणि इथेच अवघड होऊन बसतं, कारण कातडीला स्पर्शाची सवय नसेल तर सॉकेटचा दाब तिला सहन होत नाही. सवय लावावी लागते, मऊपासून खरखरीतपर्यंत. जखम पूर्ण भरली, खपली गळून पडली की सुरू करा. आधी बोटांच्या टोकांनी हळू टिचक्या मारा, मग जुन्या धुवट सुती साडीनं चोळा, मग आपला टर्किश टॉवेल, शेवटी सोलापुरी चादरीची खरखरीत बाजू. प्रत्येक पायरी चारपाच दिवस, दिवसातून तीन वेळा, पाच मिनिटं. सुरुवातीला जे टोचतं ते हळूहळू कमी टोचतं, हे तुम्हाला तिसऱ्या दिवशी जाणवेल. काकूंनी एक आणखी युक्ती काढली: डब्यात स्वच्छ मालदांडी ज्वारी घेऊन त्यात स्टंप बुडवायचा आणि हलवायचा. ही चांगली आहे, फक्त नंतर आरशात कातडी तपासा, कुठे ओरखडा गेलाय का ते.

टाक्याच्या व्रणावर बोटाचं पेर ठेवून कातडी आतल्या मांसावरून हलवा, गोल आणि आडवी. व्रण आतल्या हाडाला चिकटला की सॉकेटमध्ये घासून तिथेच फोड येतो. पुढचा टप्पा म्हणजे टोक उशीवर दाबून दहा आकडे मोजायचे, मग घडी घातलेल्या चादरीवर, मग स्टुलावर.

एकाच ठिकाणी टिचकी मारली की वीज चमकल्यासारखी कळ वर जात असेल तर ती नसेची गाठ असू शकते. तिच्यावर जोर करू नका, सर्जनना दाखवा. नसलेल्या पायाची बोटं खाजणं, वळलेली वाटणं, हे मात्र जवळपास सगळ्यांना होतं आणि मामांना ते बायकोला सांगायची लाज वाटत होती. मेंदूकडे त्या पायाचा नकाशा अजून आहे, एवढंच. टिचक्या आणि पट्टीचा एकसारखा दाब यांनी ते पुष्कळदा कमी होतं.

एका गोष्टीला मी ठाम नाही म्हणते: गरम विटेचा किंवा पाण्याच्या पिशवीचा शेक. स्पर्श कमी असलेली कातडी भाजते आणि माणसाला कळत नाही. स्टंप पाण्यात भिजत ठेवू नका, वस्तरा फिरवू नका, तेल-बाम चोपडून लगेच पट्टी बांधू नका. रात्री साध्या साबणानं धुवा आणि टिपून कोरडा करा. वास, पू, ताप किंवा काळसर कडा दिसली तर पट्टीही थांबवा आणि दवाखाना गाठा.

माप देण्याची घाई

नकली पायाच्या शिबिराची जाहिरात आली की लोक निघतात. मामाही निघणार होते. स्टंपची सूज अजून उतरत असताना साचा घेतला तर महिन्याभरात सॉकेट ढिलं होतं, आणि पाय कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून टेलरचा टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर आणि टोकाजवळ अशा दोन जागी पेनानं खूण करा, आणि दर आठवड्याला, सकाळी पट्टी काढल्या काढल्या, घेर लिहून ठेवा.

मामांचा पहिला आकडा होता वर ३१, खाली ३४ सेंटीमीटर. खाली जास्त, म्हणजे भोपळा. तीन आठवड्यांनी ३०.५ आणि ३०.५. सहाव्या आठवड्यात ३० आणि २८.५, आणि पुढचे दोन आठवडे तोच आकडा हलला नाही. तेव्हाच साचा द्यायला पाठवलं. घेर दोन आठवडे स्थिर, जखम पूर्ण भरलेली, गुडघा सरळ: हे तिन्ही जुळल्याशिवाय माप देऊ नका.

पाय डिसेंबरमध्ये आला. त्यानंतरही स्टंप काही महिने बारीक होत राहतो. सॉकेट ढिलं वाटलं तर स्टंपमोज्यांचा एक थर वाढवतात, मोजे फार वाढायला लागले की नवीन सॉकेटची वेळ आली. मोज्यात घडी राहू देऊ नका, घडीची जागा संध्याकाळी लाल होते. रोज रात्री मोजा धुवा, सॉकेट आतून ओल्या फडक्यानं पुसा.

आणि रात्रीची पट्टी चालूच ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तीन दिवस मामा पाय घालून फिरले, दमून रात्री पट्टी न बांधताच झोपले. चौथ्या सकाळी स्टंप सॉकेटमध्ये जाईना. काकूंचा फोन आला, पाय बिघडला म्हणून. मी म्हटलं, जोर लावू नका, आधी पट्टी बांधा, स्टंप सरळ उंच ठेवा आणि तासाभरानं बघा. सव्वा तासानं पुन्हा फोन: मामा मंदिराच्या वाटेवर होते.