मॅच झाला, आता १ जुलै गाठायचाय : या चुका टाळा

अमेरिकेतल्या मॅचचा, म्हणजे डॉक्टरांना तिथल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सीची जागा ठरवून देणाऱ्या प्रक्रियेचा, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. रेसिडेन्सी साधारण १ जुलैला सुरू होते आणि ओरिएंटेशन त्याआधी, जूनमध्येच असतं. म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. स्टेप १, स्टेप २ सीके आणि ओईटी या परीक्षा व्यवस्थित पार केलेली आपली मुंबईची मुलं नेमकी इथेच अडकतात. ज्युनिअर्सचे कागद तपासून देताना मी हे पुन्हा पुन्हा बघते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हिसाची सुरुवात बीकेसीतल्या वकिलातीपासून होते असं समजणं. ट्रेनिंगसाठीच्या जे-१ व्हिसाला आधी डीएस-२०१९ हा फॉर्म हवा. डॉक्टरांना तो ईसीएफएमजी ही परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी अमेरिकन संस्था देते, हॉस्पिटल नाही. त्यासाठी ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, सही झालेला करार आणि दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ हे पत्र लागतं. अर्जाची सुरुवात प्रोग्रामकडून होते, त्यामुळे तिथल्या कोऑर्डिनेटरला निकालाच्याच आठवड्यात मेल करा.

परळच्या एका ज्युनिअरचं उदाहरण सांगते. करार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. मंत्रालयाच्या अर्जात तिने सवयीने ‘जनरल मेडिसिन’ लिहिलं, करारात मात्र ‘इंटर्नल मेडिसिन’ होतं. आपल्या लेखी दोन्ही एकच, पण कागदावर शाखेचं नाव जुळायलाच हवं. पत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत मे उजाडला, आणि डीएस-२०१९ हाती आला तेव्हा जून जवळ आला होता. त्यानंतर २२० डॉलरची सेव्हिस फी, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, बायोमेट्रिक्स आणि मुलाखत, हे सगळं बाकीच होतं. एका शब्दापायी तिचं ओरिएंटेशन हुकलं. अर्ज पाठवण्याआधी करार शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून बघा.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव आणि वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी घोळ. हे परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच निस्तरा, मॅचनंतर त्याला वेळ उरत नाही.

तारखांचं गणित उलटं मांडा. जे-१ वर डीएस-२०१९ वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस प्रवेश मिळतो. १ जुलै असेल तर १ जूनच्या आधीचं तिकीट काढू नका. ओरिएंटेशन सक्तीचं असेल तर फॉर्मवर कोणती तारीख येणार हे कोऑर्डिनेटरला आधीच विचारा.

उशीर होतोय असं दिसलं तर गप्प बसू नका. प्रोग्रामला लेखी कळवा, त्यांच्या पत्रासह तातडीच्या मुलाखतीची विनंती करा आणि सुरुवातीची तारीख पुढे ढकलावी लागली तर ती ईसीएफएमजीकडून फॉर्मवर बदलून घ्या. पासपोर्टवर आधीचा व्हिजिटर व्हिसा असला तरी त्यावर जाऊन ट्रेनिंग सुरू करता येत नाही. ऑब्झर्व्हरशिपला तो चालला होता, कारण तिथे फक्त बघायचं होतं.