कंपोस्टच्या ढिगाचे तापमान फोनवर: प्रो मिनी, सिरीयल ॲडॉप्टर आणि ओटीजी

आर्डुइनो प्रो मिनीला यूएसबी सॉकेट नसते. बोर्ड स्वस्त, लहान आणि बॅटरीवर चालवायला सोयीचा आहे, पण त्याच्याशी बोलायचे तर मध्ये यूएसबी-टू-सिरीयल ॲडॉप्टर लागतो. कॉम्प्युटरवर हे सगळे सहज जमते. गच्चीवरच्या किंवा सोसायटीच्या मागच्या कंपोस्टच्या ढिगाशी लॅपटॉप उघडून कोण बसणार? तिथे खिशातला अँड्रॉइड फोनच कामाचा. आयफोनवर हा मार्ग बंद आहे. या ॲडॉप्टरांशी तिथले ॲप थेट बोलू शकत नाही.

उदाहरणासाठी ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी घेऊ. त्याला डीएस१८बी२० हा स्टीलच्या नळीतला तापमान सेन्सर जोडू. सेन्सरची डेटा तार पिन २ वर जाते आणि डेटा व व्हीसीसी यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक बसतो. रोधक विसरला तर सेन्सर गप्प राहतो. नळीच्या तारांमध्ये लाल व्हीसीसी, काळी ग्राउंड आणि पिवळी डेटा असे बहुधा असते, पण सगळे विक्रेते हे पाळत नाहीत, म्हणून जोडण्याआधी पाकिटावरची खूण बघा. बोर्डाला वीज तीन एए सेलची, म्हणजे ४.५ व्होल्ट, आणि ती रॉ या पिनवर द्यायची.

प्रोग्राम घरीच कॉम्प्युटरवरून त्याच ॲडॉप्टरने चढवून घ्या:

```cpp
#include <OneWire.h>
#include <DallasTemperature.h>

OneWire wire(2);
DallasTemperature probe(&wire);

void setup() {
  Serial.begin(9600);
  probe.begin();
}

void loop() {
  probe.requestTemperatures();
  Serial.print(millis() / 1000);
  Serial.print(',');
  Serial.println(probe.getTempCByIndex(0));
  delay(4000);
}
```

प्रत्येक ओळीत आधी सेकंद, मग स्वल्पविराम, मग तापमान. सेकंदांचा रकाना निरुपयोगी वाटेल, पण तो काढू नका. निम्मे बिघाड त्याच्यावरूनच कळतात.

ॲडॉप्टर घेताना सीपी२१०२ चिपचा आणि थेट यूएसबी-ए प्लग असलेला घ्या. फोनला यूएसबीचे उपकरण जोडू देणाऱ्या ओटीजी केबलच्या मादी टोकात तो सरळ बसतो, मध्ये दुसरी केबल लागत नाही. एफटी२३२ चे बरेच बोर्ड मिनी यूएसबीचे असतात. त्यांना आणखी एक केबल लागते आणि घरात सापडलेली केबल नुसती चार्जिंगची निघाली तर संध्याकाळ तिच्यातच जाते. सीएच३४० ही चिपसुद्धा चालते. चिप महत्त्वाची का, तर अँड्रॉइड सिरीयल पोर्ट ॲपला तयार करून देत नाही. ॲपला यूएसबीवरून त्या चिपशी स्वतः बोलावे लागते, म्हणून चिपचा ड्रायव्हर ॲपच्या आतच हवा. `Serial USB Terminal` या ॲपमध्ये वरच्या तिन्ही चिपांचे ड्रायव्हर आहेत.

ओटीजीचे काम एवढेच, की फोनला सांगायचे, ‘आता तू यजमान, वीज तू द्यायचीस.’ जुन्या मायक्रो यूएसबीच्या ओटीजी केबलमध्ये आयडी ही चौथी पिन ग्राउंडला जोडलेली असते. टाइप-सीच्या ओटीजीत सीसी या पिनवर ५.१ किलोओहमचा रोधक असतो. त्यामुळे नुसते टोक बदलणारी कनेक्टरची जोडी बसली तरी ओटीजी होतेच असे नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ओटीजीचे वेगळे बटण असते आणि काही वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होते. काल चालत होते, आज चालत नाही, असे झाले तर आधी ते बटण बघा. जाड कव्हरमुळे प्लग पूर्ण आत न जाणे हेही नेहमीचेच.

आता सगळ्यात उपयोगाची पायरी, आणि नवीन माणूस नेमकी हीच गाळतो. बोर्ड जोडण्याआधी ॲडॉप्टरची टीएक्सडी आणि आरएक्सडी पिन एका जंपर तारेने एकमेकींना जोडा. ॲडॉप्टर फोनला लावा, ॲप परवानगी मागेल ती द्या, बॉड रेट, म्हणजे सिरीयलचा वेग, ९६०० ठेवून कनेक्ट करा आणि `abc` पाठवा. पाठवलेले `abc` परत आलेले दिसले, तर फोन, ओटीजी, ॲडॉप्टर आणि ॲप चौघेही ठीक आहेत. यापुढची चूक बोर्डाच्या बाजूची. पाठवलेला मजकूर ॲप स्वतःही दाखवते, म्हणून `abc` दोनदा आणि वेगळ्या रंगात दिसायला हवे. एकदाच दिसले तर काहीच परत आलेले नाही. ॲडॉप्टरवरचा लाल दिवा लागला एवढ्यावर विसंबू नका. दिव्याचा अर्थ फोनकडून ५ व्होल्ट येतात एवढाच.

चाचणी झाली की ती तार काढा आणि बोर्ड जोडा. इथे आमचे मत ठाम आहे: फक्त वाचायचे असेल तर दोनच तारा लावा. ग्राउंडला ग्राउंड आणि बोर्डाच्या टीएक्सओवरून ॲडॉप्टरच्या आरएक्सडीला. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जायला हवे, म्हणून टीएक्सला टीएक्स जोडले तर पडदा कोरा राहतो.

व्हीसीसी जोडायची नाही, कारण बोर्डाला स्वतःचे सेल आहेत आणि ॲडॉप्टरचे ५ व्होल्ट ३.३ च्या बोर्डाच्या व्हीसीसीवर गेले तर त्याच रेषेवर फक्त ३.३ व्होल्ट सोसणारे भाग असले तर ते धोक्यात येतात. ॲडॉप्टरची टीएक्सडी बोर्डाच्या आरएक्सआयला न जोडण्याचे कारण जरा गमतीचे आहे. सिरीयल रेषा रिकामी असताना उच्च व्होल्टेजवर असते. बोर्डाचे सेल उतरलेले किंवा काढलेले असले तरी त्या एका तारेतून, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून, थोडी वीज आत झिरपते. बोर्डाचा दिवा मंद लुकलुकतो, चिप अर्धवट जागी होते आणि वाटेल ते पाठवते. माणूस मग प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. डीटीआर पिन सोडायचे कारण वेगळे: ॲपने पोर्ट उघडला की डीटीआर खाली जाते आणि बोर्डावरच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेटचा झटका बसतो. कॉम्प्युटरवरून प्रोग्राम चढवताना हेच हवे असते, ढिगाजवळ नको असते. कनेक्ट केल्यावर सेकंद दर वेळी ० पासून सुरू होत असतील तर डीटीआरची तार लागलेली आहे.

सगळे जुळले की पडद्यावर असे दिसते:

```
1240,58.31
1245,58.31
1250,58.25
```

पहिली ओळ अर्धवट किंवा विचित्र आली तर घाबरू नका. बोर्ड बोलत असताना मध्येच जोडले की तसे होते, ती ओळ सोडून द्यायची. तापमान ५८.२५ वरून ५८.३१ असे ठरावीक पायऱ्यांनीच बदलते, कारण सेन्सरची एक पायरी ०.०६२५ अंशाची आहे. दोन दशांश दिसतात म्हणून तेवढी अचूकता आहे असे समजू नका. या सेन्सरची हमी अर्ध्या अंशाच्या आतबाहेर एवढीच आहे, आणि ढिगात नळी वीतभर सरकवली तर फरक त्याहून मोठा दिसतो.

पडद्यावर चौकोन आणि उलटसुलट चिन्हे आली तर बॉड रेट ४८०० करून बघा. लगेच वाचता येऊ लागले तर दोष फोनचा नाही. प्रोग्राम चढवताना आर्डुइनो आयडीईमध्ये प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा निवडला गेला आहे आणि बोर्ड ८ चा आहे. सगळा हिशोब निम्म्या वेगाने चालतो, ९६०० चे ४८०० होतात. घड्याळ लावून बघा, खऱ्या एका मिनिटात पहिला रकाना तीसच्या आसपासच पुढे जाईल. ४८०० वर वाचत राहणे हा उपाय नव्हे, कारण सेन्सरशी बोलण्याचे मायक्रोसेकंदही बिघडलेले असतात आणि तापमान हाती लागेलच असे नाही. घरी जाऊन योग्य प्रोसेसर निवडून प्रोग्राम पुन्हा चढवा.

वेग वाढवावा म्हणून काही जण थेट ११५२०० लिहितात. ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून हा आकडा नीट पाडता येत नाही, जवळात जवळ १,११,१११ मिळतो, साडेतीन टक्के कमी. एका अक्षरामागे दहा बिट जातात, म्हणून शेवटच्या बिटापर्यंत ही चूक साठून बिटाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. अर्ध्या बिटापलीकडे वाचन चुकतेच, आणि उरलेली जागा बोर्डावरच्या रेझोनेटरची स्वतःची चूक खाते. म्हणून कधी चालते, कधी नाही. पाच सेकंदांतून एक ओळ पाठवायला ९६०० पुष्कळ झाले. वेग हवाच असेल तर ३८४०० घ्या, तो ८ मेगाहर्ट्झला व्यवस्थित जमतो.

अक्षरे अधूनमधूनच बिघडत असतील आणि तारेला हात लावल्यावर बदलत असतील, तर ग्राउंडची तार सैल आहे.

आकडे नीट वाचता येतात पण खरे वाटत नाहीत, तेव्हा सिरीयलची बाजू सोडून सेन्सरकडे वळा. `-127.00` हे तापमान नसून सेन्सर सापडत नसल्याची लायब्ररीची खूण आहे: डेटाची तार तुटलेली, रोधक नसलेला किंवा तारा अदलाबदल झालेल्या. `85.00` जास्त फसवे आहे, कारण ते खरे वाटू शकते. वीज मिळाल्याबरोबर सेन्सरमध्ये हाच आकडा भरलेला असतो आणि मोजमाप पूर्ण झाले की बदलतो. पूर्ण १२ बिटांच्या मोजमापाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात सेन्सरची वीज क्षणभर गेली तर पुन्हा ८५ च वाचले जाते. ५८, ५८, ८५, ५८ अशी ओळ दिसली तर ढीग तापलेला नाही, सेल उतरलेत किंवा लाल तारेचा सांधा ढिला आहे. सेन्सरला किमान ३ व्होल्ट लागतात, म्हणून आधी मल्टिमीटर व्हीसीसीवर लावा.

नोंद ठेवायची असेल तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये टाइमस्टॅम्प चालू करा, म्हणजे प्रत्येक ओळीला फोनची वेळ लागते, आणि मजकूर फाइलमध्ये सेव्ह करा. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की स्वल्पविरामावर रकाने पडतात. रात्रभर फोन लावून ठेवण्याची ही पद्धत मात्र नव्हे. साध्या ओटीजीवर असताना फोन चार्ज होत नाही, उलट ॲडॉप्टरला वीज पुरवतो, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली बरेच फोन मागे चाललेले ॲप बंद करून टाकतात. रात्रभराची नोंद हवी असेल तर बोर्डालाच मायक्रो एसडी कार्डाचे मॉड्यूल लावा आणि फोन सकाळी जाऊन चालू आकडा बघण्यापुरता ठेवा.