पोह्यांची एक प्लेट, चार फोटो: आधी-नंतर व्हिडिओच्या शूटची तयारी

मागच्या महिन्यात मी हा व्हिडिओ एकदा करून फसलोय म्हणून आता सगळं लिहून ठेवतोय. विषय साधा होता, मोबाईलने फोटो काढताना लाईट, अँगल आणि फ्रेम कशी बघायची, आणि शेजारी शेजारी आधी-नंतर दाखवायचं. मी काय केलं, आधीचा फोटो ट्यूबलाईटखाली स्टीलच्या ताटलीत काढला, नंतरचा खिडकीत, मातीच्या प्लेटमध्ये, वर हिरवीगार कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. बहिणीला पाठवला तर तिचा मेसेज, "दादा, प्लेट बदललीस म्हणून छान आला ना?" झालं, दीड दिवसाची मेहनत पाण्यात, कारण तिचं बरोबरच होतं. एका जोडीत चार गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला ते बघणाऱ्याला कळणार कसं?

म्हणून यावेळी पहिली तयारी कागदावर. फोटो फक्त चार काढायचे आणि ते साखळीसारखे. पहिला ट्यूबलाईटमधला, जसा आपण घाईत काढतो तसा. दुसऱ्यात फक्त लाईट बदलायचा. तिसऱ्यात लाईट दुसऱ्यासारखाच, फक्त अँगल बदलायचा. चौथ्यात अँगल तिसऱ्याचाच, फक्त फ्रेम बदलायची. चार फोटोंत तीन जोड्या होतात, एका जोडीतला 'नंतर' पुढच्या जोडीत 'आधी' होतो आणि बघणाऱ्याला पायरी पायरीने दिसतं. प्लेट, पोहे, चहाचा ग्लास, मागचं तेलाचं भांडं, सगळं चारही फोटोंत जागच्या जागी. आणि पहिला फोटो मुद्दाम हलवून, काळपट वगैरे वाईट काढायचा नाही, लोकांना ती लबाडी लगेच कळते. रोज जसा काढतो तसाच काढायचा, तो आपोआप पुरेसा वाईट येतो.

आदल्या रात्री दोन फोन चार्जिंगला. एक फोटो काढणारा, दुसरा आपण काय करतोय ते शूट करणारा, कारण फोन कुठे धरलाय हे दिसलं नाही तर अँगलचा भाग नुसता बोलण्यावर जातो. दुसरा फोन कोणाकडून तरी मागून घ्यायचा असेल तर रात्रीच मागा, सकाळी साडेआठला कोणी देत नाही. दोन्हीतली जागा बघून घ्या, 1080p व्हिडिओ मिनिटाला साधारण 60 ते 130 एमबी खातो आणि आपण वीसेक मिनिटं तरी शूट करतोच. लेन्स चष्म्याच्या कपड्याने पुसा, बनियनने नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, चारही फोटोंना 3:4 हाच आकार ठेवा, आणि HDR व्हिडिओ बंद करा, नाहीतर एडिटिंग अॅपमध्ये टाकल्यावर रंग कधी फिके पडतात कधी भडक होतात आणि आपण उगाच लाईटला दोष देत बसतो.

सामान फार नाही. खिडकीजवळ सरकवता येईल असं छोटं टेबल, फोनचा स्टँड (नसेल तर डब्यांची चळत आणि रबरबँड), पांढरा कार्डशीट, जुनी पांढरी ओढणी, चिकटपट्टी. चिकटपट्टी टेबलावर प्लेटची आणि ग्लासची जागा आखायला, जमिनीवर स्टँडच्या पायांची. पोहे मात्र दोनदा लागतात, हे मला पहिल्या वेळी सुचलंच नव्हतं. गरम पोहे पंधरा-वीस मिनिटांत कोरडे पडतात, चकाकी जाते, आणि सेटिंग करायलाच तेवढा वेळ जातो. म्हणून आधी कालचे उरलेले पोहे नाहीतर नुसता भात प्लेटमध्ये ठेवून सगळं जुळवायचं, आणि मग ताजे पोहे टाकून चारही फोटो सलग काढायचे.

आता लाईट, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. युक्ती अशी की प्लेट ओट्यावरून खिडकीत न्यायचीच नाही, सुरुवातीपासून टेबल खिडकीपासून दोन फुटांवर लावायचं, खिडकी प्लेटच्या डाव्या बाजूला. पहिल्या फोटोला पडदा बंद, ट्यूब चालू. दुसऱ्याला ट्यूब बंद, पडदा उघडा. फोन स्टँडवर तसाच, बोटानेसुद्धा हलला नाही पाहिजे, शटर तीन सेकंदांच्या टायमरवर. म्हणजे दोन फोटो एकावर एक ठेवले तर प्लेटची कड तंतोतंत जुळते, त्याचा उपयोग एडिटिंगला होतो, ते पुढे सांगतो. ट्यूब बंद करायची ती नुसती सवय म्हणून नाही. खिडकीचा उजेड आणि घरातल्या दिव्याचा रंग वेगळा असतो, फोन दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही, मग प्लेट एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळी दिसते.

खिडकी पूर्वेची असेल तर सकाळी सरळ ऊन आत येतं, ते नकोय. उन्हात दाण्यांच्या सावल्या काळ्याकुट्ट आणि खोबरं पांढरं फट्ट, त्यात काही डिटेल उरत नाही. एकतर ऊन सरकेपर्यंत थांबा नाहीतर खिडकीला ओढणी लावा, ओढणी लावली की अख्खी खिडकीच मोठा मऊ दिवा होते. उजव्या बाजूला सावली जास्त गडद वाटली तर तिकडे कार्डशीट उभा करा, प्लेटपासून वीतभर अंतरावर, पण फ्रेममध्ये येऊ देऊ नका. बरोबर जमलंय हे कसं ओळखायचं, तर पोह्याचा एकेक दाणा सुटा दिसायला लागतो आणि शेंगदाण्याच्या एका बाजूला बारीक चमक येते. ट्यूबखाली वरून सपाट उजेड पडतो आणि वर आपण वाकलो की आपलीच सावली, म्हणून पोहे पिवळ्या चिखलासारखे दिसतात. जोडीत हेच दाखवायचंय.

दोन्ही फोटोंना पोह्यांवर बोट दाबून धरा, लॉक झाल्याची खूण येईपर्यंत, मग बाजूला जो छोटा सूर्य येतो तो किंचित खाली ओढा, खोबरं जळल्यासारखं पांढरं दिसणं थांबेल इतपतच. आणि ट्यूबच्या फोटोला कॅमेरा स्वतःहून नाईट मोड लावतोय का बघा, चंद्राचं चिन्ह दिसेल. लावला तर फोनच आपला 'आधी' सुधारून टाकतो आणि जोडीतला फरक अर्धा होतो, मग बसा डोकं खाजवत.

अँगलला पहिल्या दोन फोटोंत फोन जवळ आणि उंचावरून तिरका, उभ्या माणसाच्या हातात असतो तसा. त्यात प्लेट अंड्यासारखी लांबते आणि जवळची कड फुगते. प्लेट वाकडी नसते, आपण फार जवळ गेलेलो असतो. तिसऱ्या फोटोला स्टँड खाली आणायचा, टेबलावर जेवायला बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, आणि मागे घेऊन 2x करायचं. जवळ राहून झूम नाही, मागे जाऊन झूम. प्लेट पहिल्याइतकीच मोठी येईल पण कड फुगणार नाही आणि पोह्यांचा ढीग उंच वाटेल. फार जवळ असताना काही फोन आपोआप मॅक्रोवर जातात, फुलाचं चिन्ह येतं आणि चित्र टुणकन उडी मारतं, ते बंद करून ठेवा. पूर्ण थाळी असती तर मी सरळ वरून काढला असता, पण पोह्यांना उंची आहे, ती वरून मरते. वडापाव तर अजून खाली, अगदी टेबलाच्या पातळीवरून.

फ्रेमसाठी सामान हलवायचं नाही, फोन हलवायचा, एवढंच पाठ करा. पहिल्या तीन फोटोंत प्लेट मधोमध, मागे तेलाचं भांडं, चार्जरची वायर, आणि उजवीकडे चहाचा ग्लास अर्धा कापलेला. चौथ्याला उंची आणि अंतर तेच ठेवून फोन उजवीकडे सरकवायचा, इतका की वायर आणि भांडं बाहेर जातील, ग्लास पूर्ण आत येईल आणि प्लेट ग्रिडच्या डाव्या उभ्या रेषेवर बसेल. प्लेटची कड कापली जाते ती जाऊ दे, पण कापायची तर चांगली पाव भाग कापायची. जरा कडेला घासल्यासारखी कापली तर चूक वाटते. हे डमी पोह्यांवर आधीच करून बघा, कारण भांडं आणि वायर कुठे ठेवली की बाहेर जातात हे टेबल लावतानाच ठरतं.

दुसऱ्या फोनने शूट करताना ट्यूब चालू असेल तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसू शकतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. प्रो मोड असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 करा, नसेल तर 25 fps. दहा सेकंदांची टेस्ट घेऊन बघाच, डोळ्याला खोलीत काही दिसत नाही. बोट दाबणं आणि सूर्य ओढणं दाखवायला स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, त्याआधी डू नॉट डिस्टर्ब, नाहीतर मावशीचा गुड मॉर्निंग मेसेज व्हिडिओत येतो (आला होता).

फोटो दुसऱ्या फोनमध्ये घ्यायचे तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल लावा.

आता शेजारी शेजारी दाखवायची खरी गोम. उभा व्हिडिओ 1080 बाय 1920 चा, दोन 3:4 फोटो शेजारी ठेवले की प्रत्येक फक्त 540 बाय 720 उरतो, म्हणजे हातातल्या फोनवर तीन-साडेतीन सेंटीमीटर रुंद. तेवढ्यात सगळं कळत नाही, म्हणून तिन्ही जोड्यांना एकच साचा लावू नका. लाईटच्या जोडीत फोन हलला नव्हता, तिथे दोन्ही फोटो एकावर एक ठेवून मधली रेघ उजवीकडून डावीकडे सरकवा, अर्धी प्लेट ट्यूबची अर्धी खिडकीची, यापेक्षा स्पष्ट काही नाही. अँगलला ती रेघ चालत नाही कारण प्लेटच जुळत नाही, तिथे दोन फोटो शेजारी आणि प्रत्येकाखाली फोन कुठे होता त्याची छोटी क्लिप. फ्रेमला तिसरा फोटो मोठा दाखवून काय बाहेर जाणार त्यावर आधी फुल्या मारायच्या आणि मग चौथा पूर्ण स्क्रीनवर. 'आधी' नेहमी डावीकडे, 'नंतर' उजवीकडे, आणि नुसता लाल-हिरवा रंग नको, शब्द लिहा, सगळ्यांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. खालचा पाव भाग मोकळा सोडा, तिथे अॅपची बटणं आणि कॅप्शन येतात. प्रत्येक जोडी तीन सेकंद तरी थांबू द्या, नजर डावीकडे, उजवीकडे आणि परत डावीकडे जाते.

टाकायच्या आधी आवाज बंद करून, ब्राइटनेस अर्धा ठेवून बहिणीला दाखवायचा आणि प्रत्येक जोडीनंतर विचारायचं, काय बदललं? एका शब्दात उत्तर आलं तर ठीक, "प्लेट" म्हणाली तर परत पोहे करावे लागतील.