घरगुती बेकरीसाठी मामाकडून पैसे मागताय? प्लॅनमधल्या या चुका टाळा

घरच्यांना दाखवायचा प्लॅन एका पानाचा असतो, तरी लोक त्यात अर्धं पान 'माझं स्वप्न' लिहितात. मामाला तुमचं स्वप्न लहानपणापासून माहितीये, त्याला एवढंच बघायचंय की पैसे कशाला हवेत आणि परत कधी.

सगळ्यात जास्त वेळा बघितलेली चूक म्हणजे विक्री वजा सामान बरोबर नफा. माझ्या मावसबहिणीने हेच केलं. अर्धा किलोचा चॉकलेट केक ४५० ला, सामान १७० चं, म्हणजे २८० सुटले, महिन्याला २० केक, झाले ५,६००. त्यावर तिने मामाकडून ६०,००० घेतले आणि महिना ५,००० ने वर्षात फेडते म्हणून सांगून टाकलं. मी म्हटलं बॉक्स, बोर्ड, मेणबत्ती, सुरी कुठंय? ते ४० रुपये. लाईट १५, डिलिव्हरी ४५, बिघडलेली क्रीम आणि फसलेला स्पंज धरून २०. म्हणजे हातात राहिले १६०, महिन्याचे ३,२००, आणि यात तिची मेहनत शून्य रुपये धरलीये! तरी बाई ऐकेना, तिला फ्रीझर घ्यायची घाई. पितृपक्षाच्या महिन्यात ११ च केक गेले, १,७६० सुटले आणि त्यानंतर मामाचा फोन आला की ती आईला उचलायला लावायची.

मी उलटं करते. आधी वहीत गेल्या सहा महिन्यांचे पैसे मिळालेले केक मोजते, 'वा छान झालाय' म्हणून फुकट खाऊन गेलेले नाही. त्यातला सगळ्यात मंदीचा महिना धरायचा, हप्ता त्यात बसला पाहिजे आणि कर्ज हप्त्यावरून ठरवायचं. तिच्या बाबतीत १,५०० झेपले असते, वर्षाचे १८,०००. तेवढ्यात ओटीजी आणि चांगला बीटर आला असता, फ्रीझर दिवाळीनंतर. वर्षभराचे बॉक्स एकदम आणले की स्वस्त पडतात हे खरं, पण पलंगाखाली पडलेले बॉक्स हप्ता भरत नाहीत.

बाकीच्या छोट्या. शेजारच्या बेकरीचा रेट उचलून आपला ठरवू नका, ती मैदा पोत्याने घेते. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन विकायला लागायच्या आधी, 'नंतर बघू' नाही. आणि वीस हजार किंवा जास्त उसने रोख घेऊ नका, इन्कम टॅक्सला चालत नाही, नातेवाईक असला तरी बँकेतूनच घ्या.

'जमेल तसं देईन' हे वाक्य मात्र प्लॅनमधून खोडाच. तारीख लिहा, हप्ता लिहा आणि एखादा महिना चुकला तर काय तेही लिहा, म्हणजे अर्धा हप्ता आणि पाच तारखेच्या आत आपणहून फोन. बहिणीने आता तसा कागद केलाय, मामाने तो फ्रीजवर मॅग्नेटने लावलाय.