करोत्तर नफ्याचं उद्दिष्ट आणि विक्रीचा आकडा : या चुका टाळा

छोट्या उद्योगात वर्षाचं उद्दिष्ट ठरतं ते बहुतेक वेळा कर भरून हातात उरणाऱ्या रकमेचं. विक्रीचा आकडा मात्र करापूर्वीच्या नफ्यावरून काढावा लागतो. या दोन रकमांमधला दुवा चुकला की वर्षअखेरीस माल ठरल्याप्रमाणे विकलेला असतो आणि तरी पैसे कमी पडतात. हे कसं होतं ते एका काल्पनिक उदाहरणावर बघू.

दोन भागीदारांची कांदा-लसूण मसाला बनवणारी एक फर्म घ्या. विक्रीची किंमत जीएसटी सोडून किलोला ४८० रुपये. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, पाकीट, दळणाची वीज, वितरकाचं कमिशन असा बदलता खर्च किलोला ३३० रुपये. म्हणजे किलोमागे १५० रुपये कॉन्ट्रिब्युशन. स्थिर खर्च वर्षाला ९ लाख : भाडं १,८०,०००, दोन कामगारांचा पगार २,८८,०००, भागीदारांचा मोबदला ३,००,०००, कर्जावरचं व्याज ६०,००० आणि विमा, घसारा, हिशेबनीस वगैरे ७२,०००. ९ लाख भागिले १५०, म्हणून ब्रेक-इव्हन ६,००० किलोवर येतो. त्या बिंदूवर नफाच नसल्यामुळे कराचा दर काहीही असला तरी हा आकडा हलत नाही.

आता भागीदारांना कर भरून ६ लाख उरायला हवेत. भागीदारी फर्मला ३० टक्के आयकर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कर लागतो. फर्मचं करपात्र उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की अधिभारही येतो, पण इथे तो प्रश्न नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ६ लाख थेट सूत्रात टाकणं. ९ अधिक ६ असे १५ लाख, भागिले १५०, आले १०,००० किलो. एवढी विक्री झाली की ६ लाख नफा दिसतो खरा, पण त्यातून १,८७,२०० कर जातो आणि ४,१२,८०० उरतात.

ही चूक लक्षात आली की माणूस दुसरी करतो आणि ती जास्त फसवी आहे. कर ३१.२ टक्के आहे ना, मग ६ लाखांवर ३१.२ टक्के चढवू, असा तो विचार करतो. करपूर्व नफा ७,८७,२०० धरला जातो आणि विक्री ११,२४८ किलो निघते. उलट तपासून बघा : ७,८७,२०० वर कर २,४५,६०६, उरले ५,४१,५९४. सुमारे ५८ हजार कमी. कारण कर लागतो करपूर्व नफ्यावर, आणि आपण टक्केवारी काढली उरलेल्या रकमेवर. प्रत्येक १०० रुपये करपूर्व नफ्यातले ६८ रुपये ८० पैसे आपल्याकडे राहतात, म्हणून ६ लाखांना ०.६८८ ने भागायचं.

```
करपूर्व नफा = ६,००,००० ÷ (१ − ०.३१२) = ८,७२,०९३
विक्री = (९,००,००० + ८,७२,०९३) ÷ १५० = ११,८१३.९५
```

म्हणजे ११,८१४ किलो. इथे नेहमी वरच्या पूर्णांकाला जायचं. पडताळा : ११,८१४ गुणिले १५० म्हणजे १७,७२,१००, त्यातून ९ लाख वजा, उरले ८,७२,१००. कर २,७२,०९५. हाती ६,००,००५. असा उलटा हिशेब दोन मिनिटांत होतो आणि वरच्या दोन्ही चुका तिथेच पकडल्या जातात. तो केल्याशिवाय आकडा कागदावर पक्का करू नये.

तिसरी चूक उलट्या बाजूची. काही जण ०.६८८ ने स्थिर खर्चालाही भागतात, म्हणजे १५ लाखांना. उत्तर येतं १४,५३५ किलो, गरजेपेक्षा २,७२१ किलो जास्त. स्थिर खर्च करापूर्वीच वजा होतो, त्यावर कर लागतच नाही. एवढं जादा उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवून वर्षभराची मिरची हंगामात एकदम भरली, तर खेळतं भांडवल पोत्यांत अडकून बसतं.

सूत्र बरोबर आणि तरीही उत्तर चुकीचं, असं होतं ते करपात्र नफा आणि आपल्या हिशेबातला नफा वेगळे निघाल्यामुळे. भागीदारांचा मोबदला घ्या. तो खर्च म्हणून वजावटीला मिळायला भागीदार प्रत्यक्ष काम करणारा हवा, भागीदारी करारात त्या मोबदल्याची तरतूद हवी, रक्कम किंवा ती ठरवण्याची रीत लिहिलेली हवी आणि ती कायद्याच्या मर्यादेत बसायला हवी. करारात नुसतं ‘परस्पर संमतीने’ लिहून सोडलं असेल तर वाद ओढवतो. समजा ३ लाखांची वजावट नाकारली गेली. नफा तोच, पण कर ९३,६०० ने वाढला. तो भरूनही ६ लाख उरायचे तर ९३,६०० ला पुन्हा ०.६८८ ने भागावं लागेल. म्हणजे १,३६,०४७ रुपये जादा करपूर्व नफा, म्हणजेच आणखी ९०७ किलो मसाला. करारातल्या एका कलमाची ही किंमत आहे. उद्दिष्ट ठरवण्याआधी करार काढून सीएंना दाखवावा.

एकाच मालकाच्या धंद्याला हा ३१.२ टक्के दर लावू नका. तिथे मालकाचा स्वतःचा पगार खर्चात धरला जात नाही आणि कर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे एका दराने भागून चालत नाही. करपूर्व नफ्याचा अंदाज घ्यायचा, टप्प्यांप्रमाणे कर काढायचा, उरलेली रक्कम बघायची आणि ६ लाखांशी जुळेपर्यंत अंदाज सरकवायचा.

कर्जाच्या हप्त्याबाबतची चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती बँकेच्या तारखेला जाणवते. हप्त्यात व्याज आणि मुद्दल दोन्ही असतात. व्याज खर्चात येतं, मुद्दल येत नाही. वर्षाचं मुद्दल २,४०,००० असेल आणि तुम्ही ते स्थिर खर्चात मिसळलं, तर त्यासाठी १,६०० किलो पुरतील असं वाटतं. मुद्दल फेडायचं असतं कर भरल्यानंतर उरलेल्या पैशातून, म्हणून खरी गरज २,४०,००० भागिले ०.६८८ म्हणजे ३,४८,८३७ रुपयांची, अर्थात २,३२६ किलोंची. फरक ७२६ किलोंचा. घसारा हा पैसे बाहेर न जाणारा खर्च असल्यामुळे थोडी रोकड तिथून सुटते, तेवढी २,४०,००० मधून भागाकाराआधी वजा करता येते. पण मुद्दलाची जागा करोत्तर उद्दिष्टातच आहे.

शेवटी निघालेला आकडा आपल्या यंत्रांवर आणि माणसांवर ठेवून बघा. या फर्मचं कांडप यंत्र एका पाळीत वर्षाला ११,००० किलोच देत असेल, तर ११,८१४ किलोंसाठी आणखी एक माणूस ठेवावा लागेल. त्याचा वर्षाचा पगार १,२०,००० धरला तर स्थिर खर्च १०,२०,००० होतो आणि विक्री १२,६१४ किलो लागते. म्हणजे ११,००० च्या पुढच्या पहिल्या ८०० किलोंचं कॉन्ट्रिब्युशन नुसतं त्या पगारात जातं. तेवढी गिऱ्हाइकी दिसत नसेल तर दुसरा माणूस ठेवण्याआधी एका पाळीतच बसणारं उद्दिष्ट तपासा : ११,००० किलोंवर करपूर्व नफा ७,५०,००० आणि कर भरून ५,१६,००० उरतात. कमी पडणारे ८४,००० रुपये, म्हणजे ०.६८८ ने भागून करापूर्वीचे १,२२,०९३ रुपये, किलोचा दर वाढवून किंवा वितरकाचं कमिशन कमी करून मिळवायचे, तर कॉन्ट्रिब्युशन १५० वरून सुमारे १६१ रुपये १० पैशांवर न्यावं लागेल.