क्लाउड इंजिनिअरची मुलाखत: प्रोजेक्ट कसा सांगायचा, फळ्यावर काय काढायचं

तयारीची सुरुवात स्वतःच्या रेझ्युमेपासून करा. कागदावर छापून घ्या आणि नाव लिहिलेल्या प्रत्येक सेवेसमोर पेनने दोन गोष्टी लिहा: ती का निवडली आणि चालवताना काय बिघडलं. दोन्ही रकाने कोरे राहिले तर ती ओळ खोडा. कुबरनेटीसचं नाव लिहिलंय, पण प्रत्यक्षात फक्त `kubectl get pods` चालवलंय, असं असेल तर तिसऱ्याच प्रश्नाला अडचण होते. शिवाय अशा एका पोकळ ओळीमुळे बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते.

मग एकच प्रोजेक्ट निवडा. सगळ्यात मोठा नको, ज्याच्या आतपर्यंत तुमचा हात गेला आहे तो. कोऱ्या कागदावर न बघता एका रिक्वेस्टचा पूर्ण प्रवास काढा: डीएनएस, लोड बॅलन्सर, ॲप्लिकेशन, डेटाबेस. प्रत्येक टप्प्यावर पोर्ट कोणता, परवानगी कुठल्या सिक्युरिटी ग्रुपने किंवा आयएएम रोलने दिली, आणि टाइमआउट किती, हे लिहा. टाइमआउटचा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो आणि खोदून विचारणारा नेमका तिथेच थांबतो.

उदाहरणार्थ, एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो, तर नोड.जेएस सर्व्हरचा कीप-अलाइव्ह बऱ्याच आवृत्त्यांत ५ सेकंदांचा. सर्व्हरने कनेक्शन बंद करायला आणि लोड बॅलन्सरने त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट पाठवायला एकच क्षण सापडला, की वापरणाऱ्याला ५०२ दिसतो. तोही क्वचित, आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये काहीच नाही. उपाय म्हणजे सर्व्हरचा कीप-अलाइव्ह ६० सेकंदांपेक्षा जास्त ठेवणं. असा एक दोष लक्षण, शोध, कारण, दुरुस्ती या क्रमाने तीन मिनिटांत सांगता आला, तर सेवांच्या लांबलचक नामावळीपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. शोध सांगताना हेही यायला हवं: कनेक्शन टाइमआउट झालं तर पॅकेट बहुधा वाटेत गळतंय, म्हणून सिक्युरिटी ग्रुप आणि रूट टेबल बघायचं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोहोचलोय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, म्हणून मशीनवर जाऊन `ss -tlnp` चालवायचं.

प्रोजेक्टचे आकडेही काढून ठेवा: गर्दीच्या वेळी सेकंदाला किती रिक्वेस्ट, डेटाबेस किती मोठा, महिन्याच्या बिलात सगळ्यात मोठी रक्कम कशाची. गोपनीयतेचा करार असेल तर क्लायंटचं नाव गाळून गुणोत्तर सांगा. आणि ‘आम्ही केलं’ असं सवयीने तोंडात येतं, तिथे ‘नेटवर्क दुसऱ्या टीमचं होतं, टेराफॉर्म मॉड्यूल मी लिहिलं’ अशी वाटणी आधीच ठरवून ठेवा. नम्रतेपोटी म्हटलेलं ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला ‘याने नक्की काय केलं?’ असंच वाटायला लावतं.

आता फळा. सरावासाठी एकच प्रश्न घ्या आणि शेवटपर्यंत न्या. समजा, प्रवेश अर्जासाठी २ लाख विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ४ कागदपत्रं चढवायची आहेत, प्रत्येक फाइल साधारण अर्धा एमबी. मार्कर हातात आला की चौकोन काढायची घाई होते. ती आवरा आणि पहिली पाच-सात मिनिटं प्रश्न विचारा: मुदत कधी संपते, फाइलची तपासणी लागते का, एखादी फाइल हरवली तर चालेल का. मग कोपऱ्यात हिशेब मांडा आणि तो पुसू नका. एकूण ८ लाख फाइल, म्हणजे सुमारे ४०० जीबी. हे काहीच नाही. खरी अडचण शेवटच्या दिवसाची. निम्म्या फाइल शेवटच्या ६ तासांत आल्या तर ४ लाख भागिले २१,६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २०. शिखर त्याच्या पाचपट धरा: सेकंदाला १०० फाइल, ५० एमबी.

हा आकडाच पुढचं चित्र ठरवतो. एवढा डेटा ॲप्लिकेशन सर्व्हरमधून नेण्याचं कारण उरत नाही. सर्व्हरने फक्त सही केलेली, ५ मिनिटं चालणारी परवानगी द्यायची आणि ब्राउझरने फाइल थेट एस-थ्रीमध्ये टाकायची. इथे एक बारकावा सांगा: नुसत्या प्रीसाइन्ड पुट लिंकमध्ये ‘अमुक एमबीपर्यंतच’ अशी मर्यादा घालता येत नाही, प्रीसाइन्ड पोस्टमध्ये `content-length-range` ही अट घालता येते. बकेटवर सीओआरएसचा नियम नसेल तर ब्राउझर ही विनंती अडवतो, `curl`ने मात्र तीच व्यवस्थित जाते. फाइल पोहोचली की एस-थ्रीची सूचना एसक्यूएस रांगेत, आणि रांगेतून उचलून तपासणारे वर्कर.

वर्कर किती, हा प्रश्न येणारच. एका फाइलला २ सेकंद लागतात असं धरलं तर शिखरावर मागे न पडण्यासाठी २०० वर्कर हवेत, सरासरीला ४० पुरतात. समजा ६० ठेवले, म्हणजे सेकंदाला ३० फाइल. १० मिनिटांच्या शिखरात ६०,००० येतील, १८,००० होतील, ४२,००० उरतील. त्यांच्या मागे आलेल्या फाइलला अंदाजे २३ मिनिटं थांबावं लागेल. आता एवढं थांबणं चालेल का, हा प्रश्न तांत्रिक राहिला नाही. मुदत फाइल पोहोचल्याच्या वेळेवर मोजली आणि तपासणी नंतर केली तर चालेल; तपासणी संपल्यावर अर्ज ‘दाखल’ धरला तर शेवटच्या मिनिटाला आलेल्यांवर अन्याय होईल. हे तुम्ही स्वतःहून मांडा. गजर रांगेच्या लांबीवर लावण्यापेक्षा `ApproximateAgeOfOldestMessage` वर लावा, कारण विद्यार्थ्याला जाणवतो तो उशीर, लांबी नाही.

त्यानंतर विचारलं जाण्याआधीच आपल्या चित्रातली प्रत्येक पेटी एकेक करून पाडा. वर्कर मधेच मेला तर? संदेश रांगेत परत येतो. पण व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा आहे. एखादी जड फाइल ४० सेकंद घेत असेल तर पहिला वर्कर जिवंत असतानाच दुसराही तीच उचलतो. शिवाय साध्या रांगेत संदेश कधीकधी दोनदा येतोच. म्हणून निकाल ऑब्जेक्टच्या कीवर लिहायचा, दुसऱ्यांदा लिहिला तरी फरक पडू नये असा. वर्करला पाडणारी बिघडलेली फाइल पुन्हा पुन्हा फिरू नये, यासाठी ठरावीक प्रयत्नांनंतर डेड लेटर रांग.

डेटाबेस पडला तर? आरडीएसच्या मल्टी-एझेडमध्ये बदली साधारण ६० ते १२० सेकंदांत होते आणि पत्ता तोच राहतो, फक्त त्यामागचा आयपी बदलतो. ॲप्लिकेशनने डीएनएसचं जुनं उत्तर धरून ठेवलं असेल तर बदली होऊनही ते जुन्याच मशीनवर धडकत राहतं. आणि दोन इन्स्टन्सच्या साध्या मल्टी-एझेडमधला राखीव डेटाबेस वाचायला वापरता येत नाही. त्यासाठी रीड रेप्लिका वेगळी. हा गोंधळ फार जणांचा होतो.

नेटवर्कवर फळ्याची जागा फार घालवू नका, पण `/24` सबनेटमध्ये एडब्ल्यूएस ५ पत्ते राखून ठेवतं आणि २५१ उरतात, एवढं तोंडी असू द्या. खासगी सबनेटमधले वर्कर एस-थ्रीशी नॅट गेटवेतून बोलले तर प्रत्येक जीबीमागे पैसे पडतात. गेटवे एंडपॉइंट लावला तर ते वाचतात. खर्चाचा प्रश्न आला तर इथून सुरुवात करा.

सराव उभं राहून, मोठ्याने आणि ४५ मिनिटांचा गजर लावून करा. लिहिताना बोलणं थांबतं, हे स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय कळत नाही. मुलाखत ऑनलाइन असेल तर कुठलं साधन वापरणार हे आदल्या दिवशी विचारून घ्या आणि त्यात हेच चित्र एकदा माउसने काढून बघा. बाण जोडण्यातच दहा मिनिटं जात असतील तर चौकोन कमी करा आणि नावं लहान ठेवा.