फोटोतली चप्पल बदलताना या चुका टाळा

लग्नसराईत असा एक तरी फोटो येतोच: नवरदेव छान उभा आहे, पण पायात रबरी चप्पल. घरच्यांना तिथे कोल्हापुरी हवी असते. फोटोशॉपमध्ये हे काम तासाभराचं आहे. नवीन मुलं ते पाच मिनिटांत उरकायला जातात आणि चपलेबरोबर सावलीही पुसून टाकतात.

मीही हे केलंय. कुडाळकडचं लग्न, सारवलेलं खळं, डावीकडून सकाळचं ऊन. चप्पल आणि तिच्याखालची काळी रेघ मी क्लोन स्टॅम्पने साफ केली, दुसऱ्या फोटोतली कोल्हापुरी बसवली आणि वर Drop Shadow लावला. अल्बम घरी गेला. आजीने पान उघडून विचारलं, "ह्यो जमनीर उभो आसा काय टांगलेलो?" पान पुन्हा छापावं लागलं.

आजीचं बरोबर होतं. तळवा जमिनीला टेकतो तिथली ती बारीक काळी रेघच माणसाला जमिनीवर उभं करते. Drop Shadow मात्र चप्पल मागच्या भिंतीला चिकटवल्यासारखी सावली पाडतो, जमिनीवर आडवी पसरणारी नाही. या कामात मी तो वापरतच नाही.

आता मी मूळ लेयरला हात लावत नाही, Ctrl+J करून प्रतीवर काम करतो. नवी चप्पल जुनीला पूर्ण झाकेल अशीच निवडतो, म्हणजे जमीन भरून काढावी लागत नाही आणि लांब पडलेली सावली जशीच्या तशी राहते. Warp ने आधी टाच आणि चवडा जुन्या जागी टेकवायचे, बाकी आकार नंतर. मग चपलेखाली वेगळा लेयर, मोड Multiply, आणि मऊ ब्रशने तळव्याच्या कडेला अगदी अरुंद रेघ. रंग त्याच फोटोतल्या सावलीच्या सर्वांत गडद भागातून उचलायचा. सारवणावरची सावली तपकिरी असते, जांभ्यावरची लालसर. निव्वळ काळा रंग लगेच उपरा दिसतो.

दुसरा हट्ट उंच टाचांचा. सपाट चपलेवर उभ्या बाईला दोन इंची टाच लावली की पायाची टाच वर जायला हवी, घोटा आणि गुडघा वेगळा वळायला हवा, साडीचा काठही उचलला जायला हवा. फोटोतले पाय तसे वळलेलेच नसतात. असं काम मी घेत नाही. चपलेच्या तळाची जाडी जुन्याइतकीच ठेवा, असं सांगतो.

रिकामी चप्पल कापून आणू नका, अंगठा पट्ट्यात बसलेला दिसत नाही. त्याच मापाच्या पायात घालून, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर धरून, ऊन त्याच बाजूचं असताना फोटो काढा. धोतराचा काठ चपलेच्या वर येतो, तो मास्कने परत आणा.

आणि फोटो किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतला असेल, तर खाली जुन्या चपलेचं प्रतिबिंबही असतं. तेही बदलावं लागतं.